ॲलरॉयचा नकार

युनिस लोपीस टोरांटोतल्या स्कारबरोच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करायची, आणि दर सप्टेंबरला तिला एक फॉर्म भरावा लागायचा. अचानक काही झालं तर कोणाला कळवायचं, त्याचं नाव, नंबर, आणि तुमचं त्याच्याशी नातं काय. दहा वर्षं ती तिथे एकच नाव लिहीत आली होती, ॲलरॉय डाबरे, आणि नात्याच्या रकान्यात ‘मित्र’. दोन हजार सोळाच्या सप्टेंबरात तिने नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि त्या रकान्यापाशी पेन अडलं ते अडलंच. शेवटी तिने ‘मित्र’ लिहिलं खरं, पण खोटी सही केल्यासारखं वाटलं तिला.

झालं होतं एवढंच की उन्हाळ्यात ॲलरॉय आईला घेऊन दीड महिना वसईला गेला होता. तेवढ्यात बाईसाहेबांचे सगळे रविवार बिघडले. ग्रोसरीत एवढासा फणस अव्वाच्या सव्वा भावाने दिसला तर ‘हे ॲलरॉयला सांगायला हवं’ म्हणून हात फोनकडे जायचा. मग तो परत आला. एअरपोर्टवर ट्रॉली ढकलत, उन्हाने काळा होऊन, दाढी वाढवून. त्याला लांबूनच बघून तिने समोरचा कठडा असा घट्ट धरला, की बाजूला उभ्या असलेल्या मैत्रिणीने, सॅन्ड्राने विचारलं, “काय गं, बरं वाटत नाही का?”

बरं वाटत होतं, हीच तर पंचाईत होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं की सरळ! अहो, सांगून टाकणं सोपं असतं ज्याच्यापाशी हरवायला काही नसतं त्याला. युनिसचं टोरांटोत नात्यागोत्याचं म्हणून कोणी नव्हतं. आईवडील वसईत वारले. पहिल्या विंटरला तिला बूट घ्यायला ॲलरॉयने नेलं होतं. तिच्या काँडोची दुसरी चावी त्याच्याकडे होती. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जेवण त्याच्या आईच्या, फिलोमिना आंटीच्या हातचं. शनिवारी दोघं त्याच्या गाडीने मिल्टनला, सॅन्ड्रा आणि तिचा नवरा डेस्मंड यांच्याकडे. आता समजा तिने विचारलं आणि तो बिचारा कसनुसा होऊन “नाही गं” म्हणाला, की तो गेला, आंटीचं जेवण गेलं, शनिवार गेले. आणि त्या फॉर्मवर पुढच्या सप्टेंबरला कोणाचं नाव लिहायचं?

पण युनिस घाबरट नव्हती हं. लॅबमधली बाई ती. रोज रक्ताच्या शेकडो नळ्या तिच्या हाताखालून जायच्या. एका नळीवरून निदान करायचं नाही, आणि निरोगी माणसाचा आकडा माहीत नसेल तर आजारी माणसाच्या आकड्याला काही अर्थ नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. तिने ठरवलं की एकदम उडी मारायची नाही. एक एक पाऊल टाकायचं, तेही इतकं लहान, की पुढे जमीन नसली तर मागे घेताना कोणाला कळूसुद्धा नये. आणि ॲलरॉय जे सगळ्यांसाठी करतो ते धरायचंच नाही.

हा दुसरा नियम महत्त्वाचा होता, कारण ॲलरॉय सगळ्यांसाठी सगळंच करायचा. लोकांची घरं गरम ठेवणारे फर्नेस दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा, आणि स्वभावही तसाच. बर्फ पडला की स्वतःचा ड्राइव्हवे शोव्हल करून शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचाही करून टाकायचा. नोव्हेंबरात चर्चच्या अर्ध्या पॅरिशचे विंटर टायर त्याच्या दारात बदलले जायचे. तेव्हा त्याने युनिसची जड पिशवी उचलली, गाडीचं दार उघडलं, औषध आणून दिलं, यातलं काही जमेला धरायचं नाही. धरायचं ते फक्त तिच्या एकटीच्या वाट्याला येतं ते.

पहिलं पाऊल ऑक्टोबरात टाकलं. गाडीतला वेळ सोडला तर दोघं नेहमी चारचौघांतच भेटायचे. आंटी तरी असायची, नाहीतर सॅन्ड्रा-डेस्मंड. युनिसने चर्चच्या पायऱ्यांवर सहज विचारलं, “ब्लफर्सवर चालायला येतोस? पानं मस्त लाल झाली असतील.”

तो नुसता “चल” म्हणाला. आणखी कोण येतंय, हे त्याने विचारलंच नाही. ब्लफर्सच्या बागेत, तळ्याच्या काठाने ती दोघं दोन तास चालली, आणि परतताना तो म्हणाला, “आपण दोघंच असं कधी आलोच नव्हतो ना?” ते त्याच्याही लक्षात आलं होतं तर! युनिसने मनात नोंद केली आणि स्वतःला दटावलं, ही एकच नळी झाली.

म्हणून पुढची खेळी न खेळण्याची. आपणच दर वेळी बोलवत राहिलो तर तो येतो म्हणजे काय, भिडेखातरही येईल. तिने ठरवलं, आता आपण फोन करायचा नाही, त्याला करू दे. मिस्साला भेटायचं, हसून बोलायचं, रुसवाफुगवा काही नाही, फक्त आपणहून काही सुचवायचं नाही. एक आठवडा गेला. आठव्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला. नवव्या दिवशी फोन वाजला.

“युनिस, तुझ्याकडे बाटली मसाला आहे का गं? आईचा संपलाय.”

आता वर्षाचा एकदम करून बाटल्यांत भरून ठेवायचा तो मसाला, तो कोणी फोन करून मागतं का? फिलोमिना आंटी म्हणजे मसाल्याचं कोठार! पण युनिसने वाद घातला नाही. वसईहून आलेली एक सीलबंद बाटली होती ती काढून ठेवली. ॲलरॉय बाटली घ्यायला म्हणून आला आणि चहा पिऊन, पुन्हा चहा पिऊन, तिच्या खिडकीचं न बिघडलेलं बिजागर दुरुस्त करून तीन तासांनी गेला. निघताना म्हणाला, “पुढच्या रविवारी जायचं का, ब्लफर्सवर?” या वेळी सुचवणारा तो होता. ही दुसरी नळी.

मग तिने जरासं आणखी पुढे पाऊल टाकलं. मैत्रीत जे सहसा बोललं जात नाही ते बोलायचं, पण असं, की वाटलं तर नुसतं मैत्रीतलंच म्हणून सोडून देता यावं. “हा निळा स्वेटर तुला फार छान दिसतो रे,” ती म्हणाली. पुढच्या रविवारी निळा स्वेटर. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा निळा स्वेटर. तिसऱ्या रविवारी सॅन्ड्राने विचारलं, “ॲलरॉय, तुझे बाकीचे कपडे कुठे गेले?” तर पठ्ठ्या कानापर्यंत लाल झाला. युनिसला इतका आनंद झाला, की तिने तो लपवायला वाकून बुटाची नाडी बांधली. बुटाला नाडी नव्हती, झिप होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला बर्फ पडून गोठला. चर्चच्या बाहेर घसरडं झालं होतं तेव्हा तिने त्याच्या दंडाला धरलं. त्यात काय, बर्फावर कोणीही कोणालाही धरतं, ते जमेला धरायचं नाही. पण पार्किंग लॉटमध्ये बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं होतं, कोरडं खडखडीत. तिथे पोचल्यावर तिने हात सैल केला, आणि त्याने कोपर जवळ घेऊन तो हात तसाच धरून ठेवला, गाडीपर्यंत. बर्फ संपल्यावरची ती तीस पावलं युनिसने घरी जाऊन पुन्हा पुन्हा मोजली.

इथेच थांबून सरळ विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सॅन्ड्राच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने एका शनिवारी युनिसला किचनमध्ये गाठलं. तिचे दिवस भरत आले होते. हात पोटावर ठेवून ती म्हणाली, “मी विचारू का त्याला?”

“खबरदार!” युनिस म्हणाली. “तू विचारलंस की ते विचारणंच झालं. मग त्याला उत्तर द्यायलाच लागेल, आणि मला ऐकायला लागेल. शिवाय तुझ्या तोंडून ऐकल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघणार कसा?”

“बरं बाई. मग दुसऱ्या कोणाचं तरी सांग. ते ओकव्हिलचं स्थळ आलंय ना तुझ्या मुंबईच्या आत्याकडून? सिरील, डेंटिस्ट? सांग ॲलरॉयला आणि बघ कसा जळतो ते.”

युनिसला ते पटलं नव्हतं. पण आपलं सगळं सुरळीत चाललंय असं वाटलं, की माणूस जरा शेफारतो. विंटर टायर बदलायला ती त्याच्या दारात गेली तेव्हा तो खाली बसून बोल्ट आवळत होता. ती म्हणाली, “आत्याने एक स्थळ काढलंय. ओकव्हिलला डेंटिस्ट आहे.”

पाना थांबला. मग पुन्हा फिरला.

“चांगला आहे?”

“बरा आहे म्हणतात.”

“मग भेट ना,” तो म्हणाला. उठला, हात पुसले, हसला. “चांगलं होईल तुझं.”

त्यानंतर मसाल्याचे फोन बंद. निळा स्वेटर गायब. तो मिस्साला भेटायचा, पिशवी उचलायचा, गाडीचं दार उघडायचा, सगळं सगळ्यांसाठी करायचा तसंच. शनिवारी मिल्टनला जातानाही गाडीत ट्रॅफिकबद्दल बोलायचा. ब्लफर्सचं नाव नाही. युनिसने डिसेंबरभर स्वतःच्या अकलेचे वाभाडे काढले. ती चाचणी चुकीची होती हे तिला कळायला हवं होतं! एखाद्याला जळवायला गेलं तर वाईट माणूस जळून दाखवतो, आणि चांगला माणूस बाजूला होऊन वाट करून देतो. त्यातून त्याचा चांगुलपणा कळला, जो तिला दहा वर्षं माहीत होता. तिच्याबद्दल त्याला काय वाटतं ते काही कळलं नाही.

सिरीलला तिने भेटायच्या आधीच नकार कळवला होता. पण ते ॲलरॉयला सांगायचं कसं? सांगितलं तर तेही विचारल्यासारखंच होणार. म्हणून मूग गिळून बसली.

डिसेंबरच्या शेवटी सॅन्ड्राला मुलगी झाली, मिशेल. जानेवारीतल्या एका शनिवारी, जेवणं झाल्यावर, डेस्मंड घसा खाकरून उभा राहिला आणि म्हणाला, “आमचं ठरलंय. मिशेलच्या बाप्तिस्म्याला गॉडमदर युनिस आणि गॉडफादर ॲलरॉय.”

युनिसचे डोळे भरून आले. ती उठून सॅन्ड्राच्या गळ्यात पडली, “हो! हो म्हणजे काय!” अल्तारासमोर दोघांनी शेजारी उभं राहायचं, एका लेकराला दोघांनी हात लावायचा. बिघडलेलं सगळं आपोआप दुरुस्त होईल असं तिला वाटलं.

“मला नाही जमणार,” ॲलरॉय म्हणाला.

उभा असलेला डेस्मंड खाली बसला. आमच्या माणसांत गॉडफादर व्हायला कोणी नाही म्हणत नाही. आजारी माणूस औषध घेऊन येतो, भांडलेला भाऊ भांडण बाजूला ठेवून येतो. नाही म्हणणं म्हणजे पोराच्या तोंडावर दार लावणं.

“का रे?” डेस्मंडने विचारलं. “त्या दिवशी काम आहे? आपण तारीख बदलू.”

“काम नाही. मला... नको आहे. सॉरी.” त्याने युनिसकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. “दुसरं काहीही सांग. हॉल सजवतो, जेवण आणतो. हे नको.”

सॅन्ड्रा रडत आत गेली. परतीच्या वाटेवर चारशे एक नंबरच्या हायवेवर पाऊण तास युनिस खिडकीबाहेर बघत राहिली. युनिसला जे ऐकू आलं होतं ते एवढंच, की माझ्या शेजारी उभं राहायला नको आहे. पार्किंग लॉटमधली तीस पावलं, मसाला, स्वेटर, सगळं आपण मनाने रचलं होतं. त्याला कळलं असेल, आणि तो आता लांब पळतोय. म्हणजे काय, तिने धड विचारलं पण नाही आणि हरवायचं ते हरवायला लागलं! सांभाळून सांभाळून पावलं टाकली ती कशासाठी मग?

तीन आठवडे ती धुमसत राहिली. मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी कॉफीचा कप बेसिनमध्ये आपटला आणि म्हणाली, “बस झालं.” चाचण्यांचं काम एवढंच की विचारायला जागा आहे की नाही ते सांगायचं. विचारायचं तर तोंडानेच लागतं. आणि आता न विचारूनही मैत्री हातातून चाललीच आहे, तर विचारून जाऊ दे.

पण घुश्शातसुद्धा लॅबमधली बाई लॅबमधलीच राहिली. कसं विचारायचं ते तिने वाटेत ठरवलं. रडारड नाही, दहा वर्षांचा हिशोब नाही. थोडक्यात, एकदाच. त्याला नाही म्हणायला सोपं जावं अशा बेताने. आणि उत्तर तिथल्या तिथे मागायचं नाही.

ॲलरॉय शेजारच्या म्हातारीचा ड्राइव्हवे शोव्हल करत होता. तिला बघून थांबला.

“एक सांगायचंय,” ती म्हणाली. “ऐक, मध्ये बोलू नकोस. मी त्या सिरीलला भेटले नाही, भेटणार पण नाही. मला तू आवडतोस. मित्र म्हणून आवडतोसच, पण त्याहून जास्त. तुझ्या मनात तसं नसेल तर नुसतं नाही म्हण. मी दोन आठवडे जरा कमी येईन, मग पुन्हा आंटीकडे जेवायला येईन, आणि हा विषय मी परत काढणार नाही. आत्ता उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण मिशेलवर राग काढू नकोस. तिने काय केलंय?”

एवढं बोलून तिला दम लागला. आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. उत्तर काहीही येवो, आपण नीट विचारलं, हे तिचं तिला कळलं होतं.

ॲलरॉयने फावडं बर्फात रोवलं.

“तू भेटली नाहीस त्याला?”

“नाही म्हटलं ना.”

“मग मला सांगितलंस कशाला, टायरच्या वेळी?”

“मूर्खपणा केला. तू काही बोलतोस का बघायला.”

“मी काय बोलणार, युनिस? तुझं चांगलं होतंय असं वाटलं. मध्ये उभं राहून अडवू तुला?” त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “ब्लफर्सला तू बोलावलंस तेव्हापासून मला वाटत होतं, विचारावं. मग म्हटलं, ती मैत्रीने बोलावते, मी भलतंच समजलो तर तिला परत घरी यायला लाज वाटेल. मग तो डेंटिस्ट आला. बाजूला झालो.”

“आणि मिशेल? गॉडफादर व्हायला काय धाड भरली होती?”

आता मात्र तो कानापर्यंत लाल झाला, थंडीने नव्हे.

“आमच्या आजीचं एक होतं. एका पोराचे गॉडफादर-गॉडमदर झाले, की ती दोघं भाऊबहीण. देवासमोर. त्यांचं लग्न मग लागत नाही. आमच्या घरात सगळे मानतात ते.”

युनिस त्याच्याकडे बघतच राहिली.

“असा काही नियम नाहीये, ॲलरॉय.”

“माहीत आहे. फादरला विचारलं मी. दुसऱ्याच दिवशी, मिस्सानंतर. ते म्हणाले, बिनधास्त हो.”

“मग तेव्हाच डेस्मंडला हो का नाही सांगितलंस?”

“कोण जाणे, आजीचं खरं असलं तर?” तो म्हणाला. “तू डेंटिस्टशी लग्न करशील असं वाटत होतं मला. कर म्हटलं. पण तुझा भाऊ म्हणून माझ्या हाताने सही करायची नव्हती.”

युनिस हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि फेब्रुवारीत डोळ्यांतलं पाणी गालावर कसं बोचतं ते टोरांटोच्या माणसाला सांगायला नको. त्याने हातमोजा काढून तिचे गाल पुसले. मग तिचा हात दंडात घेतला आणि दोघं मीठ टाकलेल्या, कोरड्या वाटेने घराकडे आली.

किचनच्या खिडकीतला पडदा हलला. आत गेली तेव्हा फिलोमिना आंटी गॅसकडे तोंड करून उभी होती, जणू ती सकाळपासून खिडकीकडे फिरकलीच नव्हती. टेबलावर तीन ताटं मांडलेली होती.

“गॉडमदर तूच राहा,” ती वळून म्हणाली. “डेस्मंडचा भाऊ आहे की गॉडफादर व्हायला. सॅन्ड्राला मी समजावते.”

“आंटी,” युनिस म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

आंटीने कपाट उघडलं. आत मसाल्याच्या तीन बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यातली एक तिने काढून युनिसच्या हातात दिली. युनिसचीच बाटली होती ती, वसईहून आलेली, ऑक्टोबरात दिलेली. तिचं सीलसुद्धा निघालेलं नव्हतं.

“माझ्या दोन भरलेल्या होत्या,” आंटी म्हणाली. “आणि हा माझ्यासमोर उभा राहून तुला फोनवर सांगत होता, आईचा संपलाय.”